मधल्या बिंदूची साक्ष

एक मीटर लांब-रुंद चौकोनी पेटी घेतली. वरची भिंत 1 व्होल्टवर ठेवली, बाकी तीन भिंती 0 व्होल्टवर. आत हवेशिवाय काही नाही, कुठेही विद्युतभार नाही. मग पेटीच्या आत प्रत्येक जागी विभव किती असेल? कागदावर याचं उत्तर अनंत पदांच्या मालिकेत मिळतं. संगणकावर मात्र एका साध्या गुणधर्मावर काम भागतं. विद्युतभार नसलेल्या जागेत कोणत्याही बिंदूचं विभव त्याच्या भोवतालच्या विभवाच्या सरासरीइतकं असतं.

पेटीवर जाळी आखली, की हा गुणधर्म अंकगणितात उतरतो. प्रत्येक आतला बिंदू म्हणजे वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे असलेल्या चार शेजाऱ्यांची सरासरी. सुरुवातीला आत सगळीकडे शून्य भरायचं आणि सगळ्या बिंदूंची सरासरी पुन्हा पुन्हा काढत राहायचं. भिंतींना हात लावायचा नाही.

समजा, आत फक्त नऊ बिंदू आहेत. पहिल्या फेरीत वरच्या ओळीतले तिन्ही बिंदू 0.25 होतात, कारण त्यांचा एक शेजारी 1 आणि तीन शून्य. दुसऱ्या फेरीत त्या ओळीतला मधला बिंदू 0.375 होतो आणि दुसऱ्या ओळीत 0.0625 उतरतं. पेटीच्या ऐन मध्यावरचा बिंदू तिसऱ्या फेरीत 0.125 वर येतो. भिंतीची बातमी अशी एका फेरीत एकच घर पुढे सरकते. या पद्धतीचा संथपणा तिथूनच येतो.

संगणक येण्याच्या कितीतरी आधी, 1910 साली, ब्रिटिश शास्त्रज्ञ लुइस फ्राय रिचर्डसन यांनी दगडी धरणातले ताण अशाच जाळीवर, फेऱ्यांमागून फेऱ्या करत काढले होते. आकडेमोडीसाठी त्यांनी मुलं कामाला लावली होती. त्यांतला एक चपळ मुलगा आठवड्याला सरासरी दोन हजार आकडेमोडी करी आणि चुकलेल्या त्यात धरल्या जात नसत. आज तेच काम पायथनमध्ये थोडक्या ओळींत होतं:

```python
import numpy as np
N = 100
V = np.zeros((N+1, N+1))
V[0, :] = 1.0
change = 1.0
while change > 1e-6:
    new = V.copy()
    new[1:-1, 1:-1] = (V[:-2, 1:-1] + V[2:, 1:-1]
                     + V[1:-1, :-2] + V[1:-1, 2:]) / 4
    change = np.max(np.abs(new - V))
    V = new
print(V[N//2, N//2])
```

इथे `copy()` विसरून चालत नाही. नुसतं `new = V` लिहिलं, तर दोन्ही नावं एकाच तक्त्याची होतात, फरक शून्य निघतो आणि प्रोग्राम पहिल्याच फेरीत थांबतो. मध्यावर 0.0 छापलेलं दिसलं, की ही चूक ओळखावी.

दुसरी गफलत मात्र सहज डोळ्यात भरत नाही. एका फेरीत कुठलाही आकडा 0.000001 व्होल्टपेक्षा जास्त हलला नाही, की हा प्रोग्राम थांबतो. त्यामुळे उत्तरही तितकंच अचूक असेल, असा समज होतो. प्रोग्राम दहा हजारांहून जास्त फेऱ्या करून थांबतो, चित्र सुरेख दिसतं आणि मध्यावर सुमारे 0.248 येतं. खरं उत्तर मात्र नेमकं 0.25 आहे. त्याचा पुरावा सोपा आहे: चारही भिंती 1 व्होल्टवर असत्या, तर आत सगळीकडे 1 व्होल्टच असतं, आणि मध्यबिंदूच्या दृष्टीने चारही भिंती सारख्या असल्याने प्रत्येकीचा वाटा पाव व्होल्ट.

मग हा फरक आला कुठून? शंभर घरांच्या जाळीवर, पेटीभर पसरलेली सर्वांत चिवट चूक एका फेरीत जेमतेम 0.0005 पटीने घटते, म्हणजे दोन हजारांतला एक भाग. फेरीगणिक बदल चुकीच्या एवढ्याशा भागाइतका असेल, तर बदलाच्या सुमारे दोन हजारपट चूक अजून शिल्लक असते. 0.000001 ला 2000 ने गुणलं, की तेच हरवलेलं 0.002 हाती येतं. घरं दुप्पट केली, की ही घट चौपट मंदावते. म्हणून बारीक जाळीवर तीच थांबण्याची अट जास्त फसवते.

यावर उपाय आहे. डेव्हिड यंग यांनी 1950 साली हार्वर्डच्या प्रबंधात ज्याचा सखोल अभ्यास केला, त्या मार्गात प्रत्येक बिंदू सरासरीवर थांबवत नाहीत, तर त्याच दिशेने थोडा पुढे ढकलतात, आणि शेजाऱ्यांचे ताजे आकडे लगेच वापरतात. या जाळीसाठी ढकलण्याचा योग्य गुणक सुमारे 1.94 आहे. मग काही शे फेऱ्यांत काम होतं. गुणक 2 किंवा त्याहून मोठा घेतला, तर आकडे स्थिरावतच नाहीत.

ज्यांना वरचाच प्रोग्राम चालवायचा आहे, त्यांनी अट `1e-8` करावी. फेऱ्या जवळपास दुप्पट होतात आणि मध्यावर 0.24998 येतं.