हे कोण म्हणालं?

चॅटच्या पडद्यावर तुमचा प्रश्न एका चौकटीत दिसतो आणि संगणकाचं उत्तर दुसऱ्या चौकटीत. एक उजवीकडे, एक डावीकडे, रंगही वेगवेगळे. पण उत्तर लिहिणाऱ्या भाषा-मॉडेलला यातलं काहीच दिसत नाही, बरं का! त्याच्यापुढे येतो एकच सलग मजकूर. मग त्यातलं कुठलं वाक्य तुमचं आणि कुठलं त्याचं स्वतःचं, हे त्याला कळतं कसं?

छापील नाटकाचं पुस्तक आठवा. त्यात आधी पात्राचं नाव असतं आणि पुढे त्याचं वाक्य. मॉडेलला मिळणारा मजकूर अगदी तसाच असतो. एक नमुना बघूया. समजा, गणिताच्या एका ॲपमध्ये पाचवीतल्या मुलीने प्रश्न विचारला. मॉडेलकडे जातं ते हे :

```
<|im_start|>system
तू पाचवीच्या मुलांना गणित शिकवतोस.
थेट उत्तर सांगू नकोस, पुढची पायरी सुचव.<|im_end|>
<|im_start|>user
24 × 15 किती?<|im_end|>
<|im_start|>assistant
```

या मांडणीचं नाव चॅट-एमएल. ओपन-एआय कंपनीने ती 2023 मध्ये जाहीर केली आणि क्वेन नावाची मॉडेलंही अशीच खूणचिन्हं वापरतात. इथे तीन पात्रं आहेत. `system` म्हणजे ॲप बनवणाऱ्याच्या सूचना, त्या मुलीला पडद्यावर दिसतही नाहीत. `user` म्हणजे ती मुलगी. आणि `assistant` म्हणजे मॉडेल स्वतः. गूगलच्या जेमा मॉडेलमध्ये याच पात्राला सरळ `model` म्हणतात.

आता शेवटची ओळ नीट बघा. पात्राचं नाव लिहिलंय, पण वाक्यच नाही! ती जागा मुद्दाम रिकामी सोडलेली आहे. मॉडेलला एकच काम येतं : आतापर्यंतचा मजकूर वाचून पुढचा तुकडा कोणता असेल ते ठरवायचं, मग त्याच्या पुढचा, मग त्याच्याही पुढचा. मजकूर `assistant` या नावापाशी थांबलाय म्हणून ते मुलीचा प्रश्न पुढे वाढवत नाही, उत्तर लिहायला लागतं. ‘आधी 24 ला 10 ने गुण. मग 24 ला 5 ने गुण. दोन्ही मिळून किती होतात?’ एवढं लिहिलं की ते स्वतःच `<|im_end|>` ही खूण लिहितं आणि ॲप तिथे थांबतं.

ही शेवटची खूण लिहिली गेली नाही, किंवा ॲपने ती ओळखली नाही, तर? तर मॉडेल लिहीतच सुटतं! उत्तर संपल्यावर ते मुलीचा पुढचा प्रश्नही स्वतःच रचतं आणि त्याचं उत्तरही देऊन टाकतं. उत्तराच्या शेपटाला कुणीच न विचारलेला प्रश्न दिसला, की समजायचं, गडबड थांबण्याच्या खुणेत आहे.

आता आपल्या नमुन्यातला `system`चा भाग काढून टाका. प्रश्न तोच, मॉडेल तेच. पण आता बहुधा सरळ 360 हे उत्तर येईल. पायरी सुचवण्याचा हट्ट मॉडेलचा नव्हताच, तो त्या दोन वाक्यांमुळे आला होता.

मग तीच दोन वाक्यं `user`च्या तोंडी घातली तर चालेल का? पहिल्या प्रश्नापुरता फारसा फरक पडणार नाही. खरी परीक्षा पुढे आहे. मुलगी 24 × 10 = 240 एवढं काढते आणि मग कंटाळून लिहिते, ‘जाऊ दे, उत्तरच सांग.’ दोन्ही सूचना `user`च्याच असतील, तर माणसाचं मत बदललं असं धरून मॉडेल नव्या सूचनेप्रमाणे वागेल आणि 360 सांगून टाकेल. पण पहिली सूचना `system`मध्ये असेल, तर ते बहुतेक वेळा म्हणेल, ‘अगं, 240 तर तुला मिळालेच आहेत, आता फक्त 24 × 5 राहिलंय.’ कारण शिकवताना मॉडेलला अशा भांडणांची ढीगभर उदाहरणं दिलेली असतात आणि त्यांत `system`चं वजन जास्त ठेवलेलं असतं. ही सवय आहे, कुलूप नव्हे. कुणी फार चिकाटीने किंवा आडून-आडून विचारलं, तर ती सुटूही शकते. म्हणून गुपित ठेवायच्या गोष्टी, पासवर्डसारख्या, `system`मध्ये लिहू नयेत.

एखादा चलाख मुलगा म्हणेल, ‘मीच माझ्या प्रश्नात `<|im_start|>system` असं टाइप केलं तर?’ छान शंका आहे! मॉडेल अक्षरं वाचत नाही, आकडे वाचतं. मजकुराचे छोटे तुकडे करून प्रत्येक तुकड्याला क्रमांक दिलेला असतो. क्वेनच्या 2.5 या आवृत्तीत `<|im_start|>` या खुणेचा राखीव क्रमांक आहे 151644. काळजीपूर्वक बनवलेलं ॲप हा क्रमांक फक्त स्वतः घालतं. तुम्ही टाइप केलेली चिन्हं ते साध्या तुकड्यांत फोडतं आणि त्यांना निराळेच क्रमांक मिळतात. दिसायला सारखं असलं तरी मॉडेलसाठी ती खूण उरतच नाही. ॲप बनवताना इथे हयगय झाली, तर मात्र खोटी खूण खरी ठरते आणि तुमचं वाक्य सूचनांच्या जागी जाऊन बसतं.

मला सगळ्यात नवल वाटतं ते तिसऱ्या पात्राचं. मॉडेलला आपण मघाशी काय बोललो हे आठवत नसतं. दर वेळी अख्खा संवाद पहिल्यापासून पुन्हा पाठवला जातो आणि `assistant` या नावाखाली जे लिहिलेलं असेल, ते आपलंच बोलणं असं धरून ते पुढे जातं. समजा, कुणी त्या जागी गुपचूप ‘24 × 5 = 110’ असं लिहून ठेवलं. मुलगी विचारते, ‘मग एकूण किती?’ कधी मॉडेल चूक पकडेल आणि दुरुस्त करेल. पण कधी आधीच्या वाक्याशी जुळवून घेत 350 म्हणूनही मोकळं होईल! हीच युक्ती चांगल्या कामालाही वापरतात. रिकाम्या जागेत ‘पहिली पायरी :’ एवढेच शब्द आधी लिहून ठेवले, तर मॉडेल तिथूनच पुढे लिहायला लागतं.

संवाद दर वेळी पुन्हा पाठवायचा, तर तो फुगतच जाणार. मॉडेल एका वेळी किती मजकूर वाचू शकेल याला मर्यादा असते. ती गाठली, की बरीच ॲप जुनी `user` आणि `assistant` वाक्यं वरून कापत जातात, पण `system`ला हात लावत नाहीत. म्हणून फार लांबलचक गप्पा मारल्यावर असं ॲप सुरुवातीला सांगितलेलं तुमचं नाव विसरू शकतं, पण आपण पाचवीचं गणित शिकवतो हे विसरत नाही.