शुक्रवारचा डबा, सोमवारी उघडलेला

सहावीतल्या एका मुलाच्या दप्तरात शुक्रवारचा डबा तसाच राहून गेला. त्या दिवशी वर्गात कोणाचा तरी वाढदिवस होता, मधल्या सुट्टीत समोसे वाटले गेले आणि डबा उघडलाच गेला नाही. शनिवार-रविवारी दप्तराला कोणी हात लावला नाही. सोमवारी सकाळी वह्या भरताना आंबूस वास आला, तेव्हा डबा सापडला. महिना जुलैचा, हवा दमट. डबा नेहमीचाच, क्लिपा लावायचा दोन कप्प्यांचा स्टीलचा. खालच्या कप्प्यात बटाट्याची भाजी, वरच्यात दोन पोळ्या, एका कोपऱ्यात लिंबाच्या लोणच्याची लहान डबी आणि कागदात गुंडाळलेला शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा.

आजीने डबा खिडकीजवळ नेऊन उघडला. क्लिप सोडताच फस्स आवाज झाला. भाजीच्या कप्प्यात पाणी सुटले होते, वर बुडबुडे होते आणि चमचा उचलल्यावर मागे तार ओढली जात होती. पोळ्यांवर पांढरी कापसासारखी बुरशी पसरली होती, तिच्यावर मधूनच काळे ठिपके. लोणचे मात्र जसेच्या तसे होते. चिक्की चिकट झाली होती, बाकी तिला काही झालेले नव्हते. मुलाला नवल वाटले ते याचेच. डबा एक, दिवस तेवढेच, तरी चार पदार्थांची गत तीन तऱ्हांची.

भाजीची गोष्ट शुक्रवारी सकाळी कढईतच सुरू झाली होती. बटाटा जमिनीखाली वाढतो आणि मातीत बॅसिलस जातीचे जिवाणू असतात. परिस्थिती बिकट झाली की हे जिवाणू स्वतःभोवती जाड कवच तयार करून निपचित पडून राहतात. या अवस्थेला बीजाणू म्हणतात. बटाटे उकडताना साधे जिवाणू मरतात, पण बीजाणूंपैकी काही त्या उष्णतेतूनही वाचतात. म्हणजे ताजी, वाफाळती भाजीसुद्धा पूर्णपणे जंतुविरहित नसते. त्यात डावाची, हाताची आणि डब्याच्या खाचांतल्या जिवाणूंची भर पडते.

भाजी कढत असेतो हे सगळे गप्प असतात. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या वर त्यांची वाढ होत नाही आणि ५ अंशांच्या खाली बहुतेकांची वाढ फार मंदावते. मधला सगळा पट्टा त्यांच्या सोयीचा. साडेसहाला गरम भाजी भरून घट्ट लावलेला डबा लवकर निवत नाही. वह्या-पुस्तकांच्या मधोमध तो तासन्‌तास कोमट राहतो आणि जिवाणूंना नेमके तेच मानवते.

पुढचे गणित आजीने वहीच्या मागच्या पानावर मांडायला लावले. सकाळी आठ वाजता भाजीच्या एका ग्रॅममध्ये शंभर जिवाणू आहेत आणि दर अर्ध्या तासाला ते दुप्पट होतात, असे धरायचे. साडेदहाच्या मधल्या सुट्टीपर्यंत पाच वेळा दुप्पट होऊन ते जेमतेम ३२०० होतात. दुपारी एक वाजता लाखाच्या घरात जातात. संध्याकाळी सहाला हाच आकडा दहा कोटींच्या पुढे असतो. प्रत्यक्षात सुरुवात इतकी झपाट्याची नसते. बीजाणूंना कवच फोडून कामाला लागायला वेळ लागतो आणि तापमानाप्रमाणे वेगही कमी-जास्त होतो. पण वाढीची तऱ्हा हीच. बराच वेळ काहीच घडत नाहीसे वाटते, आणि मग शेवटच्या काही तासांत सगळे एकदम होते.

अन्नाला वास येतो तो साधारणपणे एका ग्रॅममागे जिवाणूंची संख्या कोटीच्या आसपास गेल्यावर. म्हणजे ही भाजी विटली ती सोमवारी नाही, बहुधा शुक्रवारी संध्याकाळीच. पुढचे अडीच दिवस फक्त पसारा वाढत गेला. जिवाणू बटाट्यातला स्टार्च तोडून त्याची साखर करतात आणि ती वापरतात. त्यातून आम्ले तयार होतात, म्हणून आंबूस वास. कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणून बुडबुडे आणि झाकण उघडतानाचा आवाज. काही जिवाणू स्वतःभोवती चिकट पदार्थ सोडतात, तीच चमच्यामागे ओढली जाणारी तार. बटाट्याच्या पेशींच्या भिंती ढासळल्या की आतले पाणी बाहेर येते आणि कोरडी परतलेली भाजी रसभाजीसारखी दिसू लागते. फोडणीतली मोहरी, हिंग, हळद हे सगळे थोपवू शकत नाहीत. जिवाणूंना आवर घालण्याचा थोडाफार गुण त्यांत आहे, पण चमचाभर फोडणीत तो पुरेसा नसतो.

पोळीचा मामला वेगळा. तिच्यात भाजीपेक्षा पाणी कमी, त्यामुळे जिवाणूंना ती तितकी सोयीची नाही. बुरशीला मात्र कमी पाण्यावरही भागवता येते. तव्यावर बुरशीचे बीजाणू मरतात, पण पोळी निवत असताना हवेतले नवे बीजाणू तिच्यावर येऊन पडतात. पावसाळ्यात ते हवेत भरपूर असतात. या डब्यात आणखी एक गोष्ट घडली. पोळ्या गरम असतानाच झाकण लागले, वाफ झाकणाला लागून तिचे थेंब झाले आणि ते पुन्हा पोळीवर पडले. जिथे थेंब पडले तिथे बुरशी आधी रुजली. पांढरे धागे आणि वर काळे ठिपके अशी ही बुरशी बहुतेक वेळा रायझोपस असते. काळे ठिपके म्हणजे तिच्या पिकलेल्या बीजाणूंच्या पिशव्या, आणि एकेका पिशवीत बीजाणूंची मोठी संख्या. म्हणून बुरसटलेले अन्न नाकाशी नेऊन हुंगू नये. दमा असलेल्यांनी तर नाहीच.

खालची पोळी एका कडेलाच बुरसटली होती. तेवढा तुकडा काढून बाकीची गाईला घालू, असे मुलाने सुचवले.

‘‘अरे, वरचं काढलंस तरी आतलं राहतंच,’’ आजी म्हणाली. ‘‘आणि आपल्याला नको ते गाईला कशाला?’’

डोळ्यांना दिसतो तो बुरशीचा वरचा भाग. तिचे बारीक धागे पोळीसारख्या मऊ पदार्थात खोलवर आणि दूरवर गेलेले असतात. काही बुरशी विषारी द्रव्येही सोडतात आणि नुसत्या रंगावरून कोणती तशी, कोणती नाही हे घरी ओळखता येत नाही. गुरांनाही ही द्रव्ये बाधतात. पोळी, पाव, भात, भाजी यांवर बुरशी दिसली की पूर्ण पदार्थ टाकावा लागतो.

लोणचे टिकले ते दोन गोष्टींमुळे. लिंबाच्या आंबटपणात बहुतेक जिवाणूंची वाढ खुंटते. आणि मीठ पाणी धरून ठेवते. लोणच्यात ओलावा दिसतो खरा, पण तो मिठाशी बांधलेला असल्यामुळे जिवाणूंना वापरता येत नाही. उलट त्यांच्याच पेशीतले पाणी बाहेर खेचले जाते. वरून तेलाचा थर असेल तर हवा अडते आणि बुरशीलाही थारा मिळत नाही. ओला चमचा बरणीत घालू नये हा घरोघरचा दंडक याच कारणासाठी आहे. चमच्याच्या पाण्याने त्या ठिकाणचे मीठ पातळ होते आणि नेमकी तिथेच बुरशी धरते.

चिक्कीत हेच काम गूळ करतो. पाक कडक होईपर्यंत आटवला की पाणी फार थोडे उरते आणि जे उरते ते गुळाने धरून ठेवलेले असते. जुलैच्या दमट हवेतला, त्यातही डब्यातल्या वाफेचा ओलावा ओढून ती चिकट झाली, पण जिवाणूंच्या कामाचे पाणी त्यात तयार झाले नाही. चिक्की जास्त दिवस ठेवली तर ती बिघडते वेगळ्याच वाटेने. दाण्यातल्या तेलाचा हवेशी संयोग होऊन ती खवट लागते. त्यात जिवाणूंचा हात नसतो.

त्याच आठवड्यात मुलाने पोळीचे तीन तुकडे घेतले. एकावर पाण्याचे चार थेंब शिंपडून तो पारदर्शक पिशवीत बंद केला. दुसरा तसाच पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवला. तिसरा तव्यावर मंद आचेवर पार कडक केला, निवू दिला आणि मग पिशवीत घातला. ओल्या तुकड्यावर तिसऱ्या दिवशी पांढरा ठिपका दिसला, पाचव्या दिवशी तो हिरवट झाला. फ्रिजमधला तुकडा पूर्ण आठवडा स्वच्छ राहिला, नंतर त्यावरही बारीकसा डाग आला. थंडीने बुरशी मरत नाही, फक्त मंदावते. कडक तुकड्याला काहीच झाले नाही. हा प्रयोग कुठल्याही घरी करता येतो. अट एवढीच, की पिशव्या शेवटपर्यंत उघडायच्या नाहीत आणि बंदच कचऱ्यात टाकायच्या.

या सगळ्यातून एक गैरसमज मात्र सहज होऊ शकतो. वास आला म्हणजे अन्न खराब आणि वास नाही म्हणजे चांगले, असा. तार सोडणारे, वास आणणारे जिवाणू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे पुष्कळदा वेगळे. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू अन्नाचा रंग, वास, चव काहीच न बदलता वाढू शकतात. बॅसिलस सेरियस हा त्यांतला एक, शिजवून बाहेर ठेवलेल्या भातात हमखास सापडणारा. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा दुसरा. तो माणसाच्या नाकात आणि बोटावरच्या चिघळलेल्या जखमेत असतो आणि हातावाटे डब्यात जातो. या दोघांची विषे उकळण्याला दाद देत नाहीत. अन्न पुन्हा गरम केले की जिवाणू मरतात, पण तोवर तयार झालेले विष तसेच राहते. म्हणूनच दुपारी चारला ‘वास तर येत नाहीये’ म्हणून खाल्लेला डबा सोमवारच्या डब्यापेक्षा जास्त धोक्याचा. सोमवारचा कोणी तोंडाजवळही नेणार नाही.

शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळेच्या डब्याला हे जमणे अवघड, कारण स्वयंपाक आणि मधली सुट्टी यांत चार तास सहज जातात. तेव्हा उरतो तो डबा भरण्यातला शहाणपणा. भाजी कोरडी परतलेली, वर लिंबू पिळलेले. पोळ्या चाळणीवर किंवा कापडावर निववून मगच बंद केलेल्या. रात्रीचा भात फोडणी देऊन डब्यात न घातलेला, निदान पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात तरी. आणि सुट्टीत न खाल्लेला डबा घरी येऊन संध्याकाळी खायचा नाही.

राहिला तो डबा. अन्न कागदात बांधून टाकले, तरी बीजाणू क्लिपांच्या खाचांत आणि झाकणाच्या रबरी रिंगमध्ये बसून राहतात. नुसत्या साबणाच्या हाताने ते जात नाहीत. रिंग काढून वेगळी घासावी लागते, स्टीलचे भाग पाण्यात दहा मिनिटे उकळून पूर्ण कोरडे करावे लागतात. या डब्याच्या रिंगवरचे काळे डाग घासूनही गेले नाहीत, कारण बुरशी रबराच्या आत शिरली होती. ती टाकून भांड्यांच्या दुकानातून नवी आणली.