स्वगत निम्मे करताना : वळण कसे राखावे?

आपल्या शाळांच्या स्नेहसंमेलनांत आणि जयंतीच्या कार्यक्रमांत एकपात्री प्रयोग आवर्जून होतात. संहिता दहा मिनिटांची असते आणि संयोजक पाच मिनिटे देतात. मग घाईघाईने प्रत्येक परिच्छेदातून थोडेथोडे काढले जाते, आणि प्रयोग संपतो तेव्हा शब्द ऐकू आलेले असतात, पण माणूस बदललेला दिसत नाही. असे का होते, हे एका उदाहरणाने पाहू.

प्रथम वळण म्हणजे काय, हे निश्चित केले पाहिजे. ज्या वाक्यानंतर पात्राला आपले आधीचे म्हणणे पुन्हा उच्चारता येणार नाही, ते वळण होय. ते सर्वांत मोठ्या आवाजातले वाक्य असेलच असे नाही. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाच्या अखेरीस लीला बेणारेचे दीर्घ स्वगत आहे. त्यात आपल्याला फसवणाऱ्या शरीराविषयी तिचा संताप उसळतो. पण खरे वळण त्यापुढे आहे. ज्या शरीराचा ती द्वेष करते, तेच येणाऱ्या जिवासाठी तिला हवेसे होते. संताप ठेवून हे काढले, तर उरतो तो केवळ आक्रोश.

आता आपले उदाहरण घेऊ. सावित्रीबाई फुले यांच्यावर विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली नऊशे शब्दांची एक कल्पित संहिता समोर आहे असे समजा. मिनिटाला शंभर शब्द धरले, तर बोलणे नऊ मिनिटांचे आणि स्तब्धता एक मिनिटाची. तिचे पाच भाग आहेत. नायगावचे बालपण व विवाह एकशे ऐंशी शब्द, १८४८ साली पुण्यात उघडलेली मुलींची शाळा एकशे ऐंशी, शाळेच्या वाटेवरील अवहेलना दोनशे वीस, वळण शंभर आणि शेवटचे आवाहन दोनशे वीस. वाटेवर अंगावर चिखल-शेण फेकले जाई, म्हणून त्या सोबत दुसरे लुगडे नेत, ही आठवण सर्वपरिचित आहे. संहितेचे वळण तिच्यावरच उभे आहे. आधी ती म्हणते, ‘उद्यापासून येणार नाही.’ मग हात पिशवीतल्या लुगड्यावर पडतो, ती थांबते आणि म्हणते, ‘लुगडे धुता येते. दारात उभी असलेली पोर परत गेली, तर ती कशी आणू?’

वेळ पाच मिनिटे आहे. पण लुगड्याजवळची स्तब्धता कापता येत नाही. ते एक मिनिट तसेच राहते, म्हणून बोलण्याला चारच मिनिटे, म्हणजे चारशे शब्द उरतात. निम्म्या वेळेसाठी निम्म्याहून अधिक शब्द काढावे लागतात, हा हिशेब बहुधा विसरला जातो.

वळणाच्या शंभर शब्दांना हात लावू नये. बालपण पंचवीस शब्दांत येते, कारण श्रोत्यांना ते ठाऊक आहे. शाळेला साठ पुरतात. तिथे फक्त दारात वाट पाहणारी ती पोर दिसली पाहिजे, कारण वळणात तिचाच उपयोग आहे. शेवटच्या आवाहनाला साठ शब्द ठेवावेत. वळणानंतर लांबलेली घोषणा वळणच झाकून टाकते. राहिले एकशे पंचावन्न, ते वाटेवरील अवहेलनेला द्यावेत.

या भागात इतकी उदारता कशासाठी? मूळ संहितेत शिवी, खडा आणि शेण असे तीन प्रसंग आहेत. एकच ठेवला, तर ‘येणार नाही’ हा निर्णय उतावळा वाटतो आणि तो बदलण्याला अर्थ राहत नाही. म्हणून दोन ठेवावेत. शिवी ती सोसते. शेण लागते तेव्हा मोडते. खडा गाळला तरी चढण कायम राहते. माणूस कोठून वळला हे दिसले नाही, तर वळणही दिसत नाही.

कापणी चुकल्याची खूण तालमीत सापडते. वळणाशी येताच मुलगी ओरडू लागली, तर ती जे संहितेत उरले नाही ते आवाजाने भरून काढत आहे असे समजावे आणि आधीच्या भागातील दहा-वीस शब्द परत द्यावेत. दुसरी कसोटी अशी की संहिता न वाचलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला प्रयोग दाखवून विचारावे, ‘तिचे मन नेमके केव्हा बदलले?’ त्याने लुगड्याचा क्षण सांगितला, तर कापणी जमली. त्याने शेवटची घोषणा सांगितली, तर पुन्हा पेन्सिल हाती घ्यावी.

एक मर्यादाही ध्यानात असावी. संहिता दुसऱ्या लेखकाची असेल, तर कापण्यापूर्वी त्याची अनुमती घ्यावी. आणि ज्या संहितेत पात्र आरंभी व अखेरीस सारखेच बोलते, ती निम्मी करून सुधारत नाही. तिच्यात वळण आधी लिहावे लागते.