एक किलो पिठात किती पुऱ्या, किती चपात्या?

जमलं तर कागद-पेन्सिल जवळ घेऊन बसा, कारण आज थोडा हिशेब करायचा आहे. गटाला जेवणाची ऑर्डर मिळाली की पहिला प्रश्न येतो, पीठ किती आणायचं? मग एक जण म्हणते किलोला पन्नास पुऱ्या होतात, दुसरी म्हणते माझ्या हाताने ऐंशी होतात. खरं तर दोघींचंही बरोबर असतं. फरक असतो तो लाटीच्या वजनात.

आपण पीठ मोजतो, पण पुरी होते ती भिजवलेल्या कणकेची. म्हणून आधी एक किलो पिठाची कणीक किती होते ते पाहू. पुरीची कणीक घट्ट असते. एक किलो चाळलेल्या गव्हाच्या पिठाला साधारण ४५० मिलिलिटर पाणी लागतं, म्हणजे अर्ध्या लिटरला थोडं कमी. त्यात ५० ग्रॅम तेलाचं मोहन आणि चवीपुरतं मीठ. हे सगळं मिळून कणीक भरते साधारण दीड किलो, म्हणजे १५०० ग्रॅम. आता या १५०० ला लाटीच्या वजनाने भागा. लाटी २० ग्रॅमची केली तर ७५ पुऱ्या होतात, २५ ग्रॅमची केली तर ६० आणि ३० ग्रॅमची केली तर ५०. पन्नास म्हणणारी आणि ऐंशीच्या जवळ जाणारी, दोघींची उत्तरं इथेच मिळाली.

चपातीची कणीक सैल असते. एक किलो पिठाला ६०० ते ६५० मिलिलिटर पाणी जातं आणि थोडं तेल धरून कणीक साधारण १६५० ग्रॅम होते. लाटी ४० ग्रॅमची घेतली तर ४१ चपात्या निघतात, ५० ग्रॅमची घेतली तर ३३. लाटताना लावायची पिठी यात धरलेली नाही. ती किलोमागे ५० ते १०० ग्रॅम वेगळी काढून ठेवा. पुरीला मात्र पिठी लावू नका, तेलाचा हात लावूनच लाटा. पिठी कढईत उतरते, जळते आणि तेल काळं पडतं.

आता एक ऑर्डर धरून चालू. बारशाचं जेवण आहे, माणसं १२० आणि प्रत्येकी ५ पुऱ्या. म्हणजे ६०० पुऱ्या झाल्या. एखादी फाटते, एखादी करपते, म्हणून शंभराला पाच जास्त धरायच्या, म्हणजे ६३०. लाटी २० ग्रॅमची ठरली तर ६३० भागिले ७५, पीठ लागेल ८ किलो ४०० ग्रॅम. आपण साडेआठ किलो घेऊ. पण लाटी २५ ग्रॅमची ठरली तर तेवढ्याच पुऱ्यांना साडेदहा किलो पीठ लागेल. लाटीत फरक पाच ग्रॅमचा, पण पिठात दोन किलोंचा. शिवाय तेल आणि गॅसही जास्त.

आमच्या भागातल्या एका गटाचं असंच झालं. पीठ साडेआठ किलो बरोबर घेतलं होतं, पण लाट्या करायला चार जणी बसल्या. दोघींचा हात २० ग्रॅमचा, दोघींचा २८ ग्रॅमचा. सरासरी लाटी पडली २४ ग्रॅमची. पावणेतेरा किलो कणकेतून ६३७ ऐवजी ५३१ पुऱ्या झाल्या. पंगत बसलेली आणि ६९ पुऱ्या कमी, म्हणजे जवळजवळ १४ माणसांचं ताट. मग किलोभर पीठ घाईने भिजवलं, कणीक मुरायला वेळ मिळाला नाही आणि शेवटच्या पंगतीला तेलकट, न फुगलेल्या पुऱ्या गेल्या. बाईमाणसांची पंगत शेवटची होती, तीच बोलली.

यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक लाटी काट्यावर ठेवायची गरज नाही. कणकेचा २०० ग्रॅमचा गोळा वजन करून घ्या, त्याची लांब वळी करा, मधोमध दोन भाग करा आणि प्रत्येक भागाचे पाच तुकडे करा. २० ग्रॅमच्या दहा लाट्या झाल्या. एकीने फक्त गोळे मोजून द्यायचे, बाकीच्यांनी तुकडे करायचे. मग हात कोणाचाही असो, लाटी एकच. घरी काटा नसेल तर एक किलो पिठाच्या कणकेचे आधी पाच सारखे गोळे करा आणि प्रत्येकाच्या पंधरा लाट्या पाडा. ७५ चा हिशेब जमतो.

इथे दोन गोष्टी सांभाळा. पीठ चाळल्यावर मोजा. गिरणीतून जाडसर दळून आणलं असेल तर बराच कोंडा वर राहतो आणि चाळणीखाली किलो भरत नाही. दुसरं म्हणजे, पुऱ्या जास्त व्हाव्यात म्हणून पाणी वाढवू नका. कणीक वजनाला वाढते, दोन-चार लाट्या जास्त निघतातही, पण सैल कणकेची पुरी तेल पिते आणि कढईतून काढली की बसते. पिठात वाचवलेलं तेलात जातं. कणीक बरोबर आहे की नाही ते लाटताना कळतं. तेलाच्या एका बोटावर पुरी न चिकटता लाटली गेली आणि कडा चिरल्या नाहीत तर ठीक. कडा चिरत असतील तर कणीक कोरडी आहे, पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. कणीक ओल्या कापडाखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवायला विसरू नका.

प्रत्येक गिरणीचं पीठ थोडं वेगळं पाणी घेतं, म्हणून माझा आकडा जसाच्या तसा धरू नका. नवीन पीठ आलं की एक किलो भिजवा, कणकेचं वजन करा आणि गटाच्या वहीत लिहून ठेवा. दीड किलोऐवजी १४५० भरली तर पुढचा भागाकार १४५० चा करा.

शेवटचं, दर ठरवताना नुसत्या "पाच पुऱ्या" असं बोलू नका. २० ग्रॅमच्या पाच पुऱ्या आणि २५ ग्रॅमच्या चार पुऱ्या, दोन्हींत कणीक १०० ग्रॅमच असते. समोरच्याला एक पुरी तळून दाखवा आणि "या मापाच्या पाच" असं कबूल करून घ्या. चपातीचं वजन कोणी विचारलं तर ते लाटीचं की भाजलेल्या चपातीचं, हे आधी विचारा. भाजताना पाणी उडतं आणि ४० ग्रॅमची लाटी तव्यावरून उतरते तेव्हा पाच-सहा ग्रॅमने हलकी झालेली असते. ५० ग्रॅमची चपाती कबूल केली आणि ५० ची लाटी केली, तर माप कमी भरल्याचा बोल आपल्यावर येतो.

वहीत तीनच आकडे हवेत: किलोला कणीक किती, लाटी किती ग्रॅमची, नग किती. पुढच्या ऑर्डरचं पीठ त्यावरून काढा.