झोळीची स्प्रिंग, पाण्याच्या बाटल्या आणि फोन: आवर्तकालाचं उत्तर चुकलं कुठे?



गेल्या महिन्यात माझी मामेबहीण कल्याणहून डोंबिवलीला आमच्याकडे राहायला आली होती. ती बारावी सायन्सला आहे. ऑसिलेशन्सच्या प्रकरणातली तीन गणितं तिला सोडवायची होती: एक आवर्तकालाचं, एक ऊर्जेचं आणि एक आलेखाचं. तिन्ही गणितांत स्प्रिंगला टांगलेलं वजन होतं. म्हटलं, नुसतं वहीत काय सोडवायचं, खरं वजन टांगूनच बघू.

हॉलच्या छताला पाळण्याचा हुक होताच. ठाण्याला जांभळी नाक्यावरून बाळाच्या झोळीची स्प्रिंग घेऊन आलो. कापडी पिशवीत काठोकाठ भरलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. बाटली अर्धी असेल तर पाणी आत डुचमळतं आणि मोजमाप बिघडतं, म्हणून काठोकाठ. बाटल्यांच्या मध्ये फोन उभा, घट्ट बसवला. पाणी थोडं कमी-जास्त करून पिशवीचं वजन फोनसकट बरोबर ४ किलो केलं. खाली गादी टाकली, कारण गाठ सुटली तर फोन आपलाच आहे.

फोनमध्ये phyphox हे फुकट अ‍ॅप घेतलं. जर्मनीतल्या आखेन शहरातल्या तंत्रविद्यापीठाने ते बनवलंय. फोनमध्ये त्वरण मोजणारा जो सेन्सर असतो (स्क्रीन आडवी-उभी फिरते ती त्याच्यामुळेच), त्याचे आकडे हे अ‍ॅप थेट दाखवतं. त्यात Spring नावाचा प्रयोग आहे. तो सुरू करून पिशवी हलवली की आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण फेरीला लागणारा वेळ, स्क्रीनवर येतो.

पहिलं गणित: आवर्तकाल

पिशवी टांगल्यावर स्प्रिंग १४.६ सेंटीमीटर ताणली गेली. बहिणीने लगेच शॉर्टकट लावला. क्लासमध्ये हा सगळ्यांना पाठ असतो:

T = 2π√(e/g)

इथे e म्हणजे वजनामुळे झालेली ताण-लांबी आणि g म्हणजे ९.८. तिचं उत्तर आलं ०.७७ सेकंद.

मग पिशवी पाच सेंटीमीटर खाली ओढून हळूच सोडली. फोनने दाखवलं ०.९० सेकंद.

"दादा, तुझा फोन चुकतोय," ती म्हणाली. मी स्टॉपवॉच घेऊन हाताने २० फेऱ्या मोजल्या. १८ सेकंद लागले, म्हणजे फेरीला ०.९०च. फोन बरोबर होता. यावर ती म्हणाली, "मग जर्नलमध्ये ०.७८ लिहून टाकते, सर विचारणार नाहीत." खरं सांगायचं तर बारावीत मीही हेच केलं असतं. पण फरक छोटा नव्हता, जवळजवळ १७ टक्क्यांचा होता. एवढा फरक हाताच्या चुकीने पडत नाही. कुठेतरी आपलं गृहीतकच चुकलं होतं.

ते शोधायला एक सोपी गोष्ट केली. एकेक किलो वाढवत ताण-लांबी मोजली:

- १ किलो: ० सेंमी
- २ किलो: ४.८ सेंमी
- ३ किलो: ९.७ सेंमी
- ४ किलो: १४.६ सेंमी

पहिली ओळ बघा. एक किलो टांगलं तरी स्प्रिंग जराही हलली नाही! त्यानंतर मात्र प्रत्येक किलोमागे ती जवळपास ४.९ सेंटीमीटरने वाढत गेली.

याचं कारण स्प्रिंगच्या घडणीत आहे. झोळीच्या स्प्रिंगचे वेढे बनवतानाच एकमेकांवर घट्ट दाबून बसवलेले असतात. मोकळ्या स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमध्ये कागद सरकवून बघा, आत जाणार नाही. हा दाब मोडून काढेपर्यंत वेढे उघडतच नाहीत. आमच्या स्प्रिंगला त्यासाठी सुमारे १० न्यूटन लागत होते, म्हणजे साधारण एक किलोचं वजन. रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये मांडलेला नियम, जेवढा ताण तेवढी लांबी, इथेही चालतो, पण वेढे उघडल्यानंतर. पुस्तकातली स्प्रिंग शून्यापासून ताणली जाते, बाजारातली तशी असेलच असं नाही.

आता शॉर्टकट का फसला ते कळेल. सगळं ४ किलो वजन १४.६ सेंटीमीटर ताणायला खर्ची पडलं, असं तो धरून चालतो. प्रत्यक्षात त्यातला एक किलोचा भाग नुसते वेढे उघडण्यात गेला होता. त्यामुळे स्प्रिंग होती त्यापेक्षा कडक वाटली, आणि कडक स्प्रिंगचा आवर्तकाल कमी येतो.

उपाय एकदम सोपा आहे: एकूण ताण-लांबी घ्यायची नाही, फरक घ्यायचा. वजन एका किलोने, म्हणजे ९.८ न्यूटनने वाढवल्यावर लांबी ०.०४९ मीटरने वाढली. म्हणून स्प्रिंग स्थिरांक k = ९.८ ÷ ०.०४९ = २०० न्यूटन प्रति मीटर. आता मूळ सूत्र वापरू:

T = 2π√(m/k)

४ किलो आणि २०० घातल्यावर येतात ०.८९ सेकंद. फोनच्या ०.९० ला अगदी जवळ. उरलेला बारीक फरक स्प्रिंगच्या स्वतःच्या वजनाचा आहे. ती ३०० ग्रॅमची होती. वरचा वेढा हलत नाही, खालचा पूर्ण हलतो, मधले त्या प्रमाणात हलतात. हिशोब केला की स्प्रिंगच्या वजनाचा एक तृतीयांश भाग पिशवीत मिळवावा लागतो, म्हणजे १०० ग्रॅम. ४.१ किलो घेतले की उत्तर येतं ०.९० सेकंद. जर्नलमध्ये खोटा आकडा लिहायची गरजच उरली नाही.

दुसरं गणित: ऊर्जा

प्रश्न होता: आयाम ५ ऐवजी १० सेंटीमीटर केला तर ऊर्जा किती पट आणि आवर्तकाल किती पट? आयाम म्हणजे पिशवी जिथे शांत लटकते त्या मधल्या जागेपासून जास्तीत जास्त किती दूर जाते ते अंतर.

ऊर्जेचं सूत्र आहे E = ½kA². आयाम ०.०५ मीटर असेल तर ½ × २०० × ०.००२५ = ०.२५ ज्यूल. आयाम दुप्पट केला की १ ज्यूल, म्हणजे चौपट. मधल्या जागेतून जाताना ही सगळी ऊर्जा गतिज असते, त्यावरून वेग काढता येतो: आधी सुमारे ०.३५ मीटर प्रति सेकंद, नंतर ०.७०. अंतर दुप्पट झालं, वेगही दुप्पट झाला, म्हणून वेळ तेवढाच. फोननेही दोन्ही वेळा ०.९०च दाखवले.

इथे मुलं हमखास एक चूक करतात. सूत्रातलं अंतर स्प्रिंगच्या मूळ लांबीपासून मोजतात. ते मोजायचं शांत लटकण्याच्या जागेपासून. पिशवी खाली जाताना स्प्रिंगची ऊर्जा वाढते आणि गुरुत्वाकर्षणाची स्थितिज ऊर्जा कमी होते. या दोन्हींची बेरीज केली की मधल्या जागेपासूनच्या अंतराचं ½kx² एवढंच उरतं. वेढ्यांचा तो सुरुवातीचा १० न्यूटनचा दाबही याच बेरजेत मिटून जातो. आवर्तकालात तो का दिसत नाही, त्याचंही हेच उत्तर.

पण आयाम कितीही वाढवून चालणार नाही. आमची पिशवी मधल्या जागेपासून १४.६ सेंटीमीटर वर गेली की वेढे एकमेकांना टेकतात. आम्ही मुद्दाम १७ सेंटीमीटर ओढून बघितलं. प्रत्येक फेरीत वर 'टक्' आवाज आला आणि स्क्रीनवरच्या गुळगुळीत लाटेत तिथे टोकदार काटा उठला. असा काटा दिसला की समजायचं, आता ही सरल आवर्त गती राहिली नाही आणि वरची सूत्रं बंद.

तिसरं गणित: आलेख

प्रश्नात अंतर, वेग आणि त्वरण असे तीन आलेख काढायचे होते. फोन अंतर मोजत नाही, तो फक्त त्वरण मोजतो. पण सरल आवर्त गतीत तेवढं पुरतं. Acceleration (without g) हा प्रयोग उघडा. फोन उभा ठेवला असेल तर y चा आलेख बघा.

पिशवी तळाला असताना स्प्रिंग तिला सगळ्यात जोरात वर खेचते, म्हणून त्वरणाचं शिखर तिथे येतं. आमचं शिखर होतं सुमारे २.४४ मीटर प्रति सेकंद वर्ग. मधल्या जागेवर त्वरण शून्य, पण वेग सगळ्यात जास्त. म्हणजे अंतराचा आलेख हा त्वरणाचाच आलेख, फक्त उलटा केलेला आणि ω² ने भागलेला. ω म्हणजे २π ÷ ०.९०, त्याचा वर्ग सुमारे ४९. २.४४ ला ४९ ने भागले की येतात ०.०५ मीटर. आपण ओढलेले पाच सेंटीमीटर फोनने न बघता परत सांगितले!

गतिज ऊर्जेचा आलेख काढताना बहिणीने त्याचाही आवर्तकाल ०.९० धरला होता. मी तिला विचारलं, "एका फेरीत पिशवी मधून किती वेळा जाते?" दोनदा, एकदा वर जाताना आणि एकदा खाली येताना. मग गतिज ऊर्जेचं शिखरही दोनदा येणार, म्हणजे दर ०.४५ सेकंदाला. आणि ती कधी ऋण होत नाही, त्यामुळे तिचा आलेख आडव्या रेषेच्या खाली उतरत नाही. परीक्षेत चार आलेखांतून एक निवडायचा असेल तर या दोन खुणा पुरतात.

शेवटची एक गोष्ट पुस्तकातल्या आलेखात नसते. स्क्रीनवर लाटांची उंची हळूहळू कमी होत जाते, कारण हवा आणि हुकाचं घर्षण ऊर्जा खातात. एका ठिकाणी शिखर सुरुवातीच्या तीन चतुर्थांश झालं होतं. ऊर्जा उंचीच्या वर्गावर चालते, म्हणून ती उरली होती फक्त ९/१६, साधारण निम्मी. दोन शिखरांमधलं अंतर मात्र अजूनही ०.९० सेकंदच होतं.

कल्याणला परत जाताना बहीण स्प्रिंग घेऊन गेली. जर्नलमध्ये तिने ०.७७ आणि ०.९० हे दोन्ही आकडे लिहिलेत, आणि खाली किलोवार ताण-लांबीचा तक्ता. त्यात पहिल्या ओळीतला शून्य तिने लाल पेनाने गोल केलाय.