सहा ग्रॅमवर चालणारं शरीर

पाळीत वर्षानुवर्षं जास्त रक्त जाणारी एखादी बाई दवाखान्यात स्वतःच्या पायांनी येते. तक्रार एवढीच, की जिना चढताना धाप लागते. रक्त तपासावं तर हिमोग्लोबिन 6. बाळंतपणात तासाभरात निम्मं रक्त गेलेली बाई मात्र उठूनही बसू शकत नाही. पहिलीची घसरण महिनोन् महिने चाललेली असते आणि तेवढ्या अवधीत तिचं शरीर कमी रक्तात भागवायला शिकलेलं असतं.

एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण 1.34 मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं. हृदय मिनिटाला पाच लिटर रक्त पुढे ढकलतं. हिमोग्लोबिन 13 असेल तर त्यातून सुमारे 870 मिलिलिटर ऑक्सिजन निघतो, 6 असेल तर 400. स्वस्थ बसलेल्या शरीराला 250 च्या आसपास पुरतो. म्हणजे बसून निभतं, जिन्यावर निभत नाही.

पहिला बदल तांबड्या पेशींच्या आतच होतो. तिथे डीपीजी नावाचं संयुग वाढतं आणि हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सैल होते. एरवी ऑक्सिजनचा दाब 27 मिलिमीटरपर्यंत उतरल्यावर हिमोग्लोबिन निम्मं रिकामं होतं. आता ते 30 च्या आसपासच होतं. फुप्फुसात ऑक्सिजन मुबलक असल्याने तिथे भरणा जवळपास पूर्वीइतकाच होतो. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर म्हणूनच 98 दाखवतं आणि घरचे निश्चिंत होतात. ते यंत्र असलेलं हिमोग्लोबिन किती भरलं आहे एवढंच सांगतं, मुळात किती आहे ते नाही.

हिमोग्लोबिन सातच्या खाली गेलं, की सहसा विश्रांतीतही हृदयाचं काम वाढतं. रक्त पातळ झालेलं, रक्तवाहिन्या सैलावलेल्या, त्यामुळे दर ठोक्याला जास्त रक्त सुटतं. नाडीही जलद होते. पण इतर अवयवांसारखी हृदयाला शिल्लक नसते. आपल्या वाट्याच्या ऑक्सिजनपैकी 70 टक्के ते नेहमीच वापरत असतं. त्याला अधिक हवा असेल तर स्वतःच्या धमन्यांतून जास्त रक्तच आणावं लागतं. त्या धमन्या आधीच अरुंद असतील तर छातीत दुखू लागतं.

मूत्रपिंडही गप्प नसतं. ऑक्सिजन कमी पडताच ते एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक कैक पटींनी वाढवतं आणि अस्थिमज्जेला नव्या पेशी बनवायला लावतं. मात्र या बाईकडे लोहच उरलेलं नाही, म्हणून पेशी निघतात त्या लहान आणि फिकट. मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात उलट घडतं: लोह असलं तरी संप्रेरक पुरेसं तयार होत नाही.

अशा बाईला रक्त चढवायचंच झालं, तर डॉक्टर पिशवी सावकाश सोडतात, सहसा तीन ते चार तासांत. घरच्यांनी घाई करू नये. तिच्या शरीरातला द्रव आधीच भरून निघालेला असतो. रक्त भराभर गेलं तर थकलेल्या हृदयाला ते पेलत नाही आणि फुप्फुसांत पाणी साचतं.