माळव्याचा उन्हाळा आणि बॅटरीचे आयुर्मान

पौष-माघाच्या दिवसांत इंदुरात पारा आठ-दहा अंशांवर उतरला की विजेच्या स्कूटरचे मालक एक ठरावीक तक्रार करू लागतात, आणि ती अशी की रात्री पूर्ण चार्ज करून ठेवलेली गाडी सकाळी रिंग रोडला लागेपर्यंतच चार-पाच टक्के खाऊन बसते व एरवी शंभर किलोमीटर जाणारी तीच गाडी नव्वदीच्या आत दम तोडते. वैशाखात, पारा बेचाळीसवर गेला असता, हेच गृहस्थ आपल्या गाडीविषयी समाधानी असतात. कारण उष्ण बॅटरी वीज मुक्तहस्ते देते आणि रेंजमध्ये घट दिसत नाही. आमच्या मते ही फिर्याद चुकीच्या इसमाविरुद्ध दाखल झालेली आहे. थंडी जे घेते ते दुपारपर्यंत बिनबोभाट परत करते. उन्हाळा जे घेतो ते मात्र कधीच परत येत नाही, आणि ते त्याने नेले हेही दोन-तीन वर्षे कळत नाही.

थंडीचे काम आधी पाहू. लिथियमच्या सेलमध्ये दोन अग्रांमधल्या द्रवातून लिथियमचे आयन ये-जा करतात, आणि हीच ये-जा म्हणजे आपल्याला मिळणारी वीज होय. द्रव गारठला की तो दाट होतो, आयनांची चाल मंदावते, आणि सेलचा अंतर्गत रोध वाढतो. अशा वेळी मूठ जोराने पिळली तर बॅटरीचा दाब एकाएकी खाली येतो, मीटरवरचा टक्का भराभर उतरतो, आणि बॅटरीवर देखरेख करणारी बीएमएस नावाची यंत्रणा, दाब किमान मर्यादेला टेकला असे पाहून, आत थोडी वीज शिल्लक असतानाच गाडी आवरती घेते. ही शिल्लक नष्ट झालेली नसते. ऊन चढून बॅटरी ऊबदार झाली की ती वापरता येते. त्यातच आठ अंशांची हवा चाळीस अंशांच्या हवेपेक्षा सुमारे अकरा टक्के अधिक दाट असते, टायरमधला दाबही उतरलेला असतो, आणि ताशी पन्नासच्या पुढे स्कूटरची बरीचशी शक्ती हवा कापण्यातच खर्ची पडते. म्हणून हिवाळ्यातली सगळी तूट बॅटरीच्या माथी मारणे न्यायाचे नाही. विजेच्या मोटारीला प्रवाशांसाठी हीटर चालवावा लागतो, तो भुर्दंड स्कूटरला नाही. स्वार स्वेटर घालतो. शून्याखाली चार्ज केल्यास लिथियम धातुरूपाने ग्रॅफाइटवर साचून सेलचे कायमचे नुकसान होते हे खरे, पण ती चिंता लडाखच्या स्वाराने करावी.

उन्हाळ्याचा हिशेब निराळा आहे. सेलमधल्या ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर पहिल्याच चार्जिंगच्या वेळी एक अतिसूक्ष्म पापुद्रा बसतो, आणि तो बसणे आवश्यकही असते, कारण त्याच्या आड ग्रॅफाइट सुरक्षित राहते. परंतु हा पापुद्रा पुढेही जाड होत जातो, जाड होताना वापरात असलेले लिथियम गिळतो, आणि गिळलेले लिथियम पुन्हा कामावर रुजू होत नाही. ही क्रिया गाडी उभी असतानाही चालू असते. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा क्रियांचा वेग स्थूलमानाने दुप्पट होतो. आता राजवाड्याच्या परिसरात दुकानासमोर उघड्या डांबरावर स्कूटर उभी करणाऱ्या एखाद्या व्यापाऱ्याचा मे महिन्यातला एक दिवस घेऊ. बॅटरी फुटबोर्डाखाली किंवा सीटखाली असते. वरून ऊन, खालून तापलेले डांबर, त्यामुळे दिवसाचे आठ तास ती पंचेचाळीस अंशांवर आणि उरलेले सोळा तास तीस अंशांवर राहिली असे धरू. पंचवीस अंशांवरच्या एका तासाला एक तास मोजला, तर पंचेचाळीसचे आठ तास बत्तीस तासांच्या बरोबरीचे ठरतात, आणि तिशीतले सोळा तास सुमारे साडेबावीस तासांच्या. बेरीज चोपन्नाच्या वर जाते. म्हणजे एका दिवसात बॅटरीचे वय सव्वादोन दिवसांनी वाढले, आणि त्यातला निम्म्याहून मोठा वाटा दुपारच्या त्या आठ तासांचा. ही बॅटरी त्या वेळी शंभर टक्के भरलेली असेल तर ऱ्हास आणखी वेगाने होतो, कारण पूर्ण भरलेल्या सेलमधील दाब द्रवाचे विघटन घडवून आणण्यास अधिक अनुकूल असतो.

आता चार्जिंग. तीन किलोवॅट-तासांची, पन्नास व्होल्टची, वीस किलो वजनाची बॅटरी हिशेबाला घ्या व तिचा अंतर्गत रोध साठ मिलिओहम धरा. घरच्या चार्जरने पंधरा अँपिअर सोडले तर बॅटरीच्या पोटात साडेतेरा वॅट उष्णता निर्माण होते, आणि एवढ्या वजनाची बॅटरी तेवढ्याने तासाला जेमतेम अडीच अंशांनी तापते. त्यातली बरीच ऊब बाहेर निघूनही जाते. जलद चार्जरने तीस अँपिअर सोडले की प्रवाह दुप्पट पण उष्णता चौपट, म्हणजे चोपन्न वॅट, आणि तासाभरात जवळजवळ दहा अंशांची वाढ. महूहून उन्हातून आलेल्या गाडीची बॅटरी आधीच चव्वेचाळीसवर असते. तिला तत्काळ जलद चार्जरला जोडले तर ती पन्नाशी ओलांडू लागेल. म्हणून बहुतेक बीएमएस पंचेचाळिशीच्या आसपास प्रवाह कमी करतात किंवा चार्जिंगच रोखून धरतात. पडद्यावर तासाचे काम अडीच तासांचे दिसू लागले की लोक चार्जरला शिव्या देतात. वस्तुतः ती यंत्रणा त्या क्षणी त्यांच्याच पैशाची राखण करत असते. केवळ हवेच्या उष्णतेने बॅटरी पेट घेत नाही, हेही येथे सांगून ठेवावे. सेलमधल्या अनावर तापाची सुरुवात होण्यास नव्वद-शंभर अंशांच्या वर तापमान लागते, आणि तेथवर पोहोचण्यास सदोष सेल, निकृष्ट जोडणी, शिरलेले पाणी असे काही कारण आतच असावे लागते. २०२२ च्या वसंतात पुण्यासह अनेक ठिकाणी स्कूटर पेटल्यानंतर केंद्र सरकारने एआयएस-१५६ या मानकात दुरुस्ती करून बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या त्या याच आतल्या दोषांसाठी.

इंदूरकरांच्या हाती एक साधन आहे, जे मुंबईकराला नाही. माळव्याच्या रात्रीची महती ‘शब-ए-मालवा’ या शब्दांत जुन्या काळापासून गायली जाते, आणि ती कवींइतकीच बॅटरीच्याही उपयोगाची आहे: मे महिन्यातही येथील पहाट पंचवीस अंशांच्या आसपास उतरते. संध्याकाळी सातला घरी येताच प्लग लावण्याऐवजी गाडीला चार-पाच तास निवू द्यावे, चार्जरला अथवा अ‍ॅपमध्ये वेळ लावण्याची सोय असेल तर मध्यरात्रीनंतरची वेळ लावावी, म्हणजे बॅटरी थंड असताना भरते आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेत फार काळ उभी राहत नाही. रोजचा फेरा वीस-पंचवीस किलोमीटरचा असेल तर उन्हाळ्यात ऐंशी टक्क्यांवर थांबावे; लोह-फॉस्फेट जातीची बॅटरी असल्यास मीटरचा अंदाज ठिकाणावर राहण्यासाठी अधूनमधून ती पूर्ण भरणे मात्र जरूर. दुपारी सावली मिळाली नाही तर काढता येणारी बॅटरी दुकानात आत नेऊन ठेवणे हा श्रमाचा पण सर्वांत गुणकारी उपाय होय.

बॅटरी गारठली आहे की खरोखर म्हातारी झाली आहे, हे ओळखण्यास कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जाण्याची निकड नाही. सकाळी उतरलेली रेंज दुपारच्या फेरीत पूर्ववत झाली तर तो ऋतूचा परिणाम. दरवर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस, दुपारची हवा तिशीच्या जवळ असताना, टायरमध्ये ठरलेली हवा भरून, एकाच रस्त्याने, एकाच वेगाने व एकाच मोडमध्ये शंभर टक्क्यांवरून वीस टक्क्यांपर्यंत गाडी चालवावी आणि किलोमीटर वहीत नोंदवावेत. पहिल्या वर्षीची घट बहुधा नंतरच्या वर्षांपेक्षा मोठी निघते, कारण पापुद्रा आरंभी झपाट्याने वाढतो व पुढे जाड होत गेला की स्वतःच स्वतःचा वेग रोखतो. तेव्हा पहिल्या नोंदीने हबकून जाऊ नये. तिसऱ्या-चौथ्या वर्षी घट मंदावण्याऐवजी एकदम वाढलेली दिसली, किंवा तीस टक्के दाखवणारी गाडी चढावर अचानक बंद पडू लागली, तर एखादा सेल इतरांच्या मागे पडला असे समजावे आणि वॉरंटीची मुदत संपण्याआधी ती वही घेऊन विक्रेत्याकडे जावे.